जुन्या पत्रिकेतल्या घटी-पळांवरून जन्मवेळ: 23 घटी 17 पळे म्हणजे नक्की किती वाजता?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बाबांची मूळ जन्मपत्रिका परवा ट्रंकेत सापडली. हाताने लिहिलेली, लांब गुंडाळी, कडेला हळदीकुंकवाचे डाग. जन्म साताऱ्याचा, 12 नोव्हेंबर 1943, शुक्रवार. त्यात "श्रीसूर्योदयात् गत घटी 23 पळे 17" असं लिहिलंय आणि लग्न मीन दिलंय.

तीन माणसांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एका नातेवाइकांच्या मते ही रात्री 11 वाजून 17 मिनिटांची वेळ. दुसऱ्यांनी 24 ने गुणून सकाळी सव्वानऊ काढली. माझ्या चुलतभावाचं म्हणणं, ही आकडेमोड कशाला हवी, आजोबांच्या वहीत "चिरंजीवाचा जन्म, सायंकाळी 5 वाजता" अशी स्वच्छ नोंद आहे. ती वेळ त्याने मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये घातली तर लग्न मेष आलं! आता घरात दोन तट पडलेत. जोशीबुवा चुकले की आजोबा?

मला भविष्य बघायचं नाही. दोन्ही कागद त्याच काळातले आहेत आणि दोन्ही जपून ठेवलेले आहेत. ते एकमेकांशी का जुळत नाहीत, एवढंच समजून घ्यायचंय. घटी-पळांचं तासमिनिटांत रूपांतर करण्याची बरोबर रीत कोणी पायरीपायरीने सांगेल का?

---

सह्यवारा

सोपं आहे ताई. एक घटी म्हणजे 24 मिनिटं, एक पळ म्हणजे 24 सेकंद. 23.17 गुणिले 24 केलं की 556 मिनिटं, म्हणजे 9 तास 16 मिनिटं. हे सूर्योदयापासून धरायचं. सूर्योदय साधारण 6 चा. म्हणजे दुपारी 3 वाजून 16 मिनिटं. वहीतली 5 ची वेळ अंदाजे लिहिली असणार. त्या काळी घरोघरी घड्याळ कुठे होतं!

---

मनमोकळी

घटिका हा शब्द वाचून एकदम आमच्याकडच्या लग्नांची आठवण झाली. माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नात गुरुजींनी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडली होती. ती भरून बुडाली की एक घटका झाली. पण आमचे गुरुजी म्हणायचे मुहूर्त 48 मिनिटांचा असतो. मग घटिका 24 ची की 48 ची? ताई, तुमच्या पत्रिकेत मुहूर्ताची घटिका धरली असेल तर सगळाच हिशोब दुप्पट होईल ना?

---

वेधकर्ता

मनमोकळी, दोन घटिका मिळून एक मुहूर्त, म्हणून 48. घटिका मात्र 24 मिनिटांचीच. तुम्ही पाहिलेली वाटी ते घटिकापात्र. सूर्यसिद्धान्तात त्याचं वर्णन आहे: तळाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र स्वच्छ पाण्यावर ठेवलं की एका अहोरात्रात ते साठ वेळा बुडतं. 24 तासांचे साठ भाग केले की 24 मिनिटं येतात. पत्रिकेतली घटी तीच, दुप्पट काही करायचं नाही.

आता सह्यवारा यांच्या गणिताविषयी. दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी वेळ निसटली.

पहिली जागा म्हणजे 23.17. पळं ही घटीचा शंभरावा भाग नाहीत, साठावा भाग आहेत. 23 घटी 17 पळे म्हणजे 23 पूर्णांक 17 छेद 60, साधारण 23.28. दशांश चिन्ह मध्ये टाकलं की चूक होणारच. इथे ती पावणेतीन मिनिटांवर थांबली, कारण पळं कमी होती. पळं 55 असती तर जवळजवळ नऊ मिनिटांवर गेली असती.

माझे वडील हे असं तोंडी करायचे: अडीच घटींचा तास, अडीच पळांचं मिनिट. 23 घटींत साडेबावीस घटी म्हणजे नऊ तास पुरे. उरली अर्धी घटी, म्हणजे 30 पळं. त्यांत 17 मिळवली की 47 पळं. 47 ला अडीचने भागलं की 18 मिनिटं 48 सेकंद. एकूण 9 तास 18 मिनिटं 48 सेकंद. आपण 9 तास 19 मिनिटं धरू.

दुसरी जागा म्हणजे "सूर्योदय साधारण 6 चा". हे नोव्हेंबरात साताऱ्याला चालणार नाही. त्या दिवशी तिथे सूर्य सकाळी 6:37 च्या सुमारास दिसला असणार. 6:37 मध्ये 9 तास 19 मिनिटं मिळवली की दुपारचे 3 वाजून 56 मिनिटं होतात, भारतीय प्रमाणवेळेने.

कृष्णाकाठची ताई, रात्री 11:17 आणि सकाळी सव्वानऊ ही दोन्ही उत्तरं का चुकली ते आता लक्षात येईल. पहिल्यात घटींनाच तास मानलं, दुसऱ्यात सूर्योदय मिळवायचा राहिला. "सूर्योदयात् गत" हे शब्द तेवढ्यासाठीच लिहिलेले असतात.

---

कृष्णाकाठची

मनापासून आभार वेधकर्ता काका. अडीचची रीत फारच आवडली, कागदसुद्धा लागत नाही. पण काका, आता पत्रिकेप्रमाणे 3:56 आणि वहीप्रमाणे 5. म्हणजे एक तास चार मिनिटांचा फरक. आजोबा शिक्षक होते, घड्याळ त्यांच्या खिशात असायचं. किराणा मालाचे भावसुद्धा आण्यापैपर्यंत लिहिणारा माणूस तासाभराची चूक करेल हे मनाला पटत नाही.

---

रानफूल

माझी थोडी वेगळी शंका. मी वाचलंय की हिवाळ्यात दिवस लहान असतो म्हणून दिवसाच्या घटिकाही लहान होतात. सूर्योदय ते सूर्यास्त तीस घटिका आणि रात्रीच्या तीस. तसं असेल तर नोव्हेंबरातली घटिका 24 मिनिटांपेक्षा कमी भरेल आणि तासाचा फरक कदाचित तिथून येत असेल?

---

वेधकर्ता

रानफूल, दिवसाचे समान भाग करण्याची पद्धत आहेच. दिवसाचे पंधरा मुहूर्त, चौघडिये, राहुकाळ हे सगळं दिवस जेवढा असेल त्याचे भाग करून काढतात आणि ते ऋतूप्रमाणे लहानमोठे होतात. पण घटी-पळांचं माप स्थिर आहे. याचा पुरावा पंचांगातच असतो. त्यात रोजचं दिनमान घटी-पळांत दिलेलं असतं आणि ते हिवाळ्यात 30 पेक्षा कमी, उन्हाळ्यात 30 पेक्षा जास्त येतं. घटी दिवसाबरोबर आखडली असती तर दिनमान बारा महिने 30 घटीच राहिलं असतं आणि ते छापायची गरजच पडली नसती.

शिवाय तुमच्या रीतीने गणित केलं तर काय होतं तेही बघा. त्या दिवशी साताऱ्याचा दिवस साधारण 11 तास 20 मिनिटांचा. त्याचे तीस भाग केले की एक भाग 22 मिनिटं 40 सेकंदांचा. मग जन्म 3:56 च्याही अर्धा तास आधी जातो. आपल्याला तर वहीच्या 5 कडे सरकायचंय. फरक वाढला, कमी नाही झाला.

---

शेवंता

माझाही असाच प्रश्न आहे, इथेच विचारते. आईची पत्रिका, जन्म अकोला. त्यात 14 जून 1951, गुरुवार, घटी 52 पळे 30. नगरपालिकेच्या दाखल्यावर 15 जून. आईने आयुष्यभर वाढदिवस 15 ला केला. आता भाऊ म्हणतो पत्रिका खरी, तारीख बदला. 52 घटी म्हणजे तर खूपच झाल्या, असं असू शकतं का?

---

वेधकर्ता

शेवंताताई, तारीख बदलायला जाऊ नका, दोन्ही कागद बरोबर आहेत. साडेबावन्न घटी म्हणजे बरोबर 21 तास. अकोल्याला जूनच्या मध्यावर सूर्योदय 5:41 च्या आसपास. त्यापुढे 21 तास म्हणजे मध्यरात्र उलटून 2 वाजून 41 मिनिटं. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलली, म्हणून दाखल्यावर 15 जून. पण आपला वार सूर्योदयाला बदलतो, आणि 15 तारखेचा सूर्य अजून उगवायचा होता. जोशांच्या लेखी गुरुवारच चालू होता.

ढोबळ खूण सांगतो. इष्ट घटी, म्हणजे सूर्योदयापासून गेलेल्या घटी, 42 च्या पुढे असल्या की मध्यरात्र ओलांडली का ते आधी पाहायचं. ऋतूप्रमाणे ही सीमा थोडी मागेपुढे होते, पण 47 च्या वर घटी असतील तर महाराष्ट्रात जन्म मध्यरात्रीनंतरचाच.

---

आकडेमोड

ज्यांच्याकडे अशा बऱ्याच पत्रिका असतील त्यांच्यासाठी एक्सेलचं सूत्र देतो. A2 मध्ये घटी, B2 मध्ये पळं, C2 मध्ये त्या गावचा त्या दिवसाचा सूर्योदय (वेळ म्हणून, उदा. 5:41).

```
=C2+(A2*24+B2*0.4)/1440
```

उत्तराच्या चौकटीला `[h]:mm` असा फॉरमॅट द्या. चौकटी कंस विसरू नका. शेवंताताईंच्या उदाहरणात उत्तर 26:41 दिसेल. 24 पेक्षा मोठा आकडा दिसला की तारीख पुढची धरायची आणि 24 वजा करायचे. साधा `h:mm` दिला तर 2:41 दिसतं आणि तारीख उलटल्याचं कळतच नाही.

---

इतिहासवेडा

कृष्णाकाठची यांच्या तासाच्या कोड्याकडे परत येतो. 1943 साली मुंबईत "बॉम्बे टाइम" चालू होता हे कोणी लक्षात घेतलेलं दिसत नाही! प्रमाणवेळ 1906 मध्ये आली तरी मुंबईने स्वतःची वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती. दोन्हींत 39 मिनिटांचं अंतर. सातारा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. आजोबांचं घड्याळ बॉम्बे टाइमला लावलेलं असेल तर फरकाचा बराच भाग इथेच सुटतो.

---

वेधकर्ता

मुद्दा महत्त्वाचा, पण चिन्ह उलटं पडतं. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या मागे होती. प्रमाणवेळेने 3:56 असताना बॉम्बे टाइमचं घड्याळ 3:17 दाखवणार. आपल्याला 5 दाखवणारं, म्हणजे पुढे धावणारं घड्याळ हवं आहे.

असा तर्क तपासताना मी नेहमी आधी एवढंच बघतो: घड्याळ पुढे हवंय की मागे? मिनिटांचा मेळ नंतर.

---

तारवाला

मग पुढे धावणारं घड्याळ घ्या. माझे वडील रेल्वेत तारमास्तर होते, त्यांच्या तोंडून हे लहानपणापासून ऐकलंय. दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे करायला लावली होती. 1 सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 च्या मध्यापर्यंत ती तशीच राहिली. मधल्या काळात हिवाळा आला म्हणून मागे घेतली नाहीत, सलग तीन वर्षं. कचेऱ्या, शाळा, गाड्या, सगळं त्या वेळेवर.

नोव्हेंबर 1943 बरोबर मधोमध येतं. आजोबा शिक्षक होते म्हणता, म्हणजे त्यांचं घड्याळ शाळेच्या वेळेला लावलेलं असणारच. प्रमाणवेळेचे 3:56 त्यांच्या घड्याळात 4:56. त्याला कोणीही "5 वाजता" असंच लिहील.

---

कृष्णाकाठची

तारवाला काका!! आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे आजोबाही बरोबर आणि जोशीबुवाही बरोबर? आणि अ‍ॅपने मेष लग्न दाखवलं ते 5 ही प्रमाणवेळ समजून?

---

वेधकर्ता

तारवाला, धन्यवाद. हे माझ्याआधी तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, तुमच्याकडे त्याची घरची आठवण आहे.

ताई, हो. प्रमाणवेळेने 3:56 घेऊन मी साताऱ्याचं लग्न काढून पाहिलं. मीन राशीचा 21 वा अंश येतो. तासाभराने पुढे, प्रमाणवेळेने 5 च्या सुमारास काढलं तर मेषेचा 10 वा अंश. तुमच्या घरातले दोन तट बरोबर याच दोन आकड्यांवर उभे आहेत.

आणि त्या जोशांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आजोबांनी त्यांना "5 वाजता" असंच सांगितलं असणार. सूर्योदयाची प्रमाणवेळ पंचांगातून घेऊन ती थेट 5 मधून वजा केली असती तर इष्टकाल अडीच घटींनी फुगला असता, कारण एक तास म्हणजे अडीच घटी. मग पत्रिकेत 25 घटी 47 पळे दिसले असते. त्यांनी 23 घटी 17 पळे लिहिलंय. म्हणजे त्यांनी युद्धकाळाचा तास आठवणीने काढला आणि मगच घटी मांडल्या. त्या तीन वर्षांतल्या कितीतरी पत्रिकांत हे केलेलं नसतं. ओळखायची खूण हीच: घटी-पळांवरून आलेली वेळ आणि घरात सांगितली जाणारी वेळ बरोबर तासाने वेगळी असेल तर तास काढलेला आहे, दोन्ही वेळा तंतोतंत जुळत असतील तर 1943 च्या पत्रिकेत उलट शंका घ्यायची.

अ‍ॅपबद्दल एक सावधगिरी. काही अ‍ॅपमध्ये युद्धकाळाचा तास आपोआप वजा होतो, काहींत होत नाही. तुमच्या भावाच्या अ‍ॅपमध्ये होत नाही हे मेष लग्नावरून उघड आहे, तिथे 3:56 घाला. जिथे होतो तिथे 4:56 घालायची. तास एकदाच वजा व्हायला हवा.

---

आकडेमोड

काका, एक आक्षेप नोंदवतो. मीन लग्न हा वेगळा पुरावा नाही. जोशांनी लग्न घटी-पळांवरूनच काढलं असणार. घटी चुकीच्या असत्या तर लग्नही त्याच चुकीचं आलं असतं आणि दोन्ही एकमेकांशी जुळलेच असते. यावरून फक्त एवढं कळतं की जोशांचं लग्नाचं गणित बरोबर होतं. वेळ बरोबर होती हे त्यातून सिद्ध होत नाही.

---

वेधकर्ता

मान्य. तर्क अगदी बरोबर आहे. वेळेचे स्वतंत्र साक्षीदार दोनच: आजोबांची वही आणि युद्धकाळाचा नियम. लग्न हे जोशांच्या पुढच्या पायरीची तपासणी करतं, एवढंच.

---

दुबईतला पेणकर

मस्त चर्चा. माझा प्रश्न जन्मपत्रिकेचा नाही. आई पेणहून जुनं घटी-पळांचं पंचांग पाठवते. समजा आज तिथी 14 घटी 25 पळांवर संपते असं छापलंय. मी इथला सूर्योदय घेऊन त्यात ती मिळवतो आणि उपास सोडतो. तुमच्या वरच्या रीतीप्रमाणे हेच बरोबर ना? जन्मगावचा सूर्योदय तसा माझ्या गावचा सूर्योदय.

---

वेधकर्ता

नाही, इथे रीत बदलते.

जन्माच्या वेळी जोशी त्या गावचा सूर्योदय धरून घटी मोजतो, म्हणून परत येताना त्याच गावचा सूर्योदय लागतो. छापील पंचांगातल्या घटी मात्र ते पंचांग ज्या गावासाठी केलंय तिथल्या सूर्योदयापासून मोजलेल्या असतात. तिथी संपते तो क्षण सगळ्या जगाला एकच आहे, पण त्या घटींची सुरुवात त्या एका गावी आहे. त्यामुळे आधी पंचांगाच्या गावाचा सूर्योदय वापरून भारतीय वेळ काढायची आणि मग ती दुबईच्या वेळेत आणायची.

तुमचंच उदाहरण, पंचांग मुंबईचं धरून. नोव्हेंबरच्या 12 तारखेच्या आसपास मुंबईला सूर्योदय 6:44. साडेबारा घटी म्हणजे पाच तास. उरली 1 घटी 55 पळे, म्हणजे 115 पळं, म्हणजे 46 मिनिटं. 6:44 मध्ये 5 तास 46 मिनिटं मिळवली की साडेबारा. दुबई दीड तास मागे, म्हणजे तिथे सकाळी 11 वाजता तिथी संपली. तुम्ही दुबईच्या साडेसहाच्या सूर्योदयात मिळवून सव्वाबारापर्यंत थांबत असणार.

पंचांगाच्या पहिल्या पानांत ते कोणत्या अक्षांश-रेखांशासाठी आहे ते दिलेलं असतं. तेवढं आधी बघा.

---

दुबईतला पेणकर

पाहिलं. मुंबईचंच आहे. आईला आज फोन करतो, तिला वाटतं मी उगाच तासभर जास्त उपाशी राहतो, आणि तिचं खरं निघालं.

---

सह्यवारा

वेधकर्ता, दशांशाचा मुद्दा पटला. पण एक राहिलंच. 4:56 आणि 5 यांत चार मिनिटं उरतात. "कोणीही 5 लिहील" हे ठीक, पण ताईच म्हणतात आजोबा आण्यापैचा हिशोब ठेवणारे होते. आणि जोशांनी 5 धरूनच वजाबाकी केली असेल तर त्यांच्या गणितात 4:56 येणारच कुठून?

---

वेधकर्ता

हा प्रश्न मला स्वतःलाच सतावत होता, विचारलात ते फार चांगलं झालं. उत्तर "सूर्योदय कोणता" यात आहे.

आपल्याला डोळ्यांनी सूर्याची वरची कड दिसते तो एक सूर्योदय. साताऱ्याला त्या दिवशी तो 6:37. पण वातावरणामुळे सूर्य प्रत्यक्षापेक्षा थोडा वर उचललेला दिसतो. ते वगळून, सूर्यबिंबाचा मध्य क्षितिजावर येतो तो क्षण धरणं ही जुनी गणिती रीत. तो क्षण साडेतीन-चार मिनिटांनी उशिरा येतो, म्हणजे 6:41. तो धरला तर 6:41 अधिक 9:19 म्हणजे बरोबर 4 वाजता. युद्धकाळाच्या घड्याळात 5.

पण लगेच खूश होऊन चालणार नाही. जोशांकडे मुंबईचं पंचांग असेल आणि त्यांनी त्यातला 6:44 चा सूर्योदय तसाच उचलला असेल तर उत्तर 4:03, म्हणजे घड्याळात 5:03. आणि आजोबांनी 5 वाजून 3 मिनिटं झाली असताना "5 वाजता" लिहिलं असेल तर तेही जुळतं. वहीतला गोल आकडा या तिन्हींत निवड करू शकत नाही.

निवड करणारी एक गोष्ट मात्र पत्रिकेत असू शकते. ताई, वरच्या भागात, शक, संवत्सर, तिथी, नक्षत्र यांच्या जवळपास "दिनमान" लिहिलंय का बघाल? माझ्या गणिताने त्या दिवशी साताऱ्याचं दिनमान बिंबमध्याच्या रीतीने 28 घटी 5 पळे येतं. दिसणाऱ्या सूर्योदय-सूर्यास्तावरून 28 घटी 23 पळे. मुंबईचं दिसणाऱ्या सूर्याने 28 घटी 15 पळे आणि बिंबमध्याने 27 घटी 56 पळे. एक-दोन पळांचा फरक माझ्या गणितात असू शकेल, पण हे आकडे एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत.

---

कृष्णाकाठची

काका, बघितलं. "दिनमानं घटी 28" असं स्पष्ट आहे. पुढचा पळांचा आकडा नेमका घडीवर आलाय, तिथे कागद झिजलाय. भिंग लावून पाहिलं. मला एकच आकडा वाटतो, दोन नाही. भाऊ म्हणतो आधी अजून एक फराटा आहे, तो 1 किंवा 2 असू शकेल. फोटो काढलाय पण त्यात काही उमटत नाही.

---

वेधकर्ता

28 आहे, म्हणजे मुंबईचं बिंबमध्याचं दिनमान गेलं, ते 27 होतं. एकच आकडा असेल तर तो 5 च्या आसपासचा असणार आणि जोशांनी साताऱ्याचाच सूर्योदय जुन्या रीतीने काढला. मग वेळ मिनिटापर्यंत जुळते. फराटा 1 चा असेल तर मुंबईचं पंचांग, 2 चा असेल तर साताऱ्याचा दिसणारा सूर्योदय. आज यापुढे सांगता येत नाही.

कागद सपाट ठेवून, एका बाजूने तिरका उजेड पाडून पुन्हा फोटो काढून बघा. बोरूचा दाब पडलेला असतो, शाई गेली तरी तिरक्या उजेडात तो कधीकधी दिसतो. घडी उलटी मोडू मात्र नका, कागद तिथेच फाटेल.

---

तारवाला

आणि ताई, त्याच जोशांनी घरातल्या आणखी कोणाची पत्रिका केली असेल तर तीही काढा. तिच्यातलं दिनमान वाचता आलं तर त्यांची रीत कळेल. एकच जोशी प्रत्येक पत्रिकेला रीत बदलत नसणार.

---

कृष्णाकाठची

मोठ्या आत्याची असणार, जन्म 1939 चा. ती सांगलीला चुलतबहिणीकडे आहे. मागवते आणि आली की दोन्ही दिनमानं इथे टाकते.